मदत हवी आहे: रजेच्या जुन्या आणि नव्या धोरणात नेमकं काय बदललं, हे कसं शोधायचं?

कोळंबी_टाइमऑफिस

मी रत्नागिरीजवळ एका मासळी प्रक्रिया कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. आमच्याकडे रजेचं धोरण नव्याने आलंय. जुनं नऊ पानांचं होतं, नवं सहा पानांचं. साहेबांना सोमवारपर्यंत एक यादी हवी आहे: काय बदललं, काय काढलं आणि कोणावर परिणाम होतो. वर त्यांनीच सांगून ठेवलंय, "फारसं काही नाही, भाषा सोपी केली आहे."

दोन्ही फाइली Word मध्ये घेऊन Review मधून Compare केलं, तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं लाल. जुनी फाइल श्रीलिपीत टाइप केलेली आहे आणि नवी युनिकोडमध्ये, हे नंतर लक्षात आलं. जुनी युनिकोडमध्ये बदलून घेतली, तरी निम्मं लाल राहिलंच. आता हाताने वाचतेय. किरकोळ रजा आठावरून सात झाली एवढं सापडलंय. पण तीन पानं गेली कुठे?

बंदररोड

एवढं घाबरायचं कारण नाही. कारखान्यात कायद्यापेक्षा कमी रजा देताच येत नाही. वर्षात 240 दिवस भरले की 20 दिवसांमागे एक रजा, हे ठरलेलं आहे. धोरणात काहीही लिहू देत. किरकोळ रजेचा बदल लिहा आणि मोकळ्या व्हा.

लोटेकर_एचआर

मोकळ्या होऊ नका, ताई. अशा याद्या मी बऱ्याच केल्यात, आणि पहिल्या यादीत मीही लाल खुणाच उतरवून काढल्या होत्या. कलमांचे क्रमांक बदलले आणि परिच्छेद वरखाली झाले की Compare सरकलेला मजकूर बऱ्याचदा एकीकडे खोडलेला, दुसरीकडे नवा असा दाखवतं. त्यामुळे लाल रंगावर विसंबू नका. शिवाय फॉन्ट बदलताना रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. जुन्या फाइलची छापील प्रत शेजारी ठेवा आणि शंका आली की तीच खरी धरा.

एक वही घ्या किंवा एक्सेल उघडा. जुन्या धोरणातलं प्रत्येक वाक्य एका ओळीत लिहा. कलम नव्हे, वाक्य, कारण एका कलमात तीन आश्वासनं असतात आणि त्यातलं एकच गळतं. मग त्या प्रत्येक वाक्याला नव्यात घर शोधा. घर मिळालं नाही की ते "काढलं". लाल खुणांवरून काम केलंत तर नवं काय आलं तेवढं डोळ्यांत भरतं. गेलेलं दिसत नाही, कारण त्याची नव्या कागदावर जागाच नसते. तुमची तीन पानं तिथे सापडतील. हे संपलं की उलट दिशेने, नव्यापासून जुन्याकडे.

व्याख्यांचं पान मात्र सगळ्यांत आधी वाचा. "कर्मचारी" म्हणजे कोण, हे तिथे बदललं असेल तर पुढचं एकही कलम न हलवता सगळं धोरण बदलतं. आणि क्रियापदं बघा. "मिळेल" चं "मिळू शकेल" झालं असेल तर तो भाषा सोपी करण्याचा भाग नव्हे.

मालवणी_माणूस

आमच्या हयसर हॉटेलात असाच झाला. गणपतीची तीन दिवसांची रजा नव्या कागदात खंयच नाय. विचारलंय तर सांगतत, जुन्या धोरणात पण नव्हती. आता काय करूचा? तक्रार खंय करतत?

लोटेकर_एचआर

दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण ताईंच्या उपयोगाचा. ती रजा बहुतेक परिपत्रकावर चालत आली असणार, धोरणात नसणार. ताई, नव्या धोरणाच्या शेवटी "यापूर्वीची सर्व परिपत्रके रद्द समजावीत" असं काही आहे का बघा. असेल तर परिपत्रकांची फाइलही तुलनेत घ्यावी लागेल. दोन धोरणं शेजारी ठेवून तो फरक कधीच दिसणार नाही.

कोळंबी_टाइमऑफिस

लोटेकर दादा, वाक्यं मोजून केलं. दोन गोष्टी हाताला लागल्या.

पहिली: जुन्यात एक वाक्य होतं, "मासेमारी बंदीच्या काळात काम नसल्याने घरी बसविलेले दिवस रजेच्या पात्रतेसाठी हजेरी धरले जातील." नव्यात ते नाही. शिवाय जुन्यात "240 दिवस काम" होतं, नव्यात "240 दिवस प्रत्यक्ष काम" आहे. Compare मध्ये "प्रत्यक्ष" हा एकच शब्द रंगलेला होता, आजूबाजूच्या लालीत तो माझ्या नजरेतून सुटला.

आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी, म्हणजे कोळंबी सोलणाऱ्या बायका बहुतेक घरीच. एकीचं गेल्या वर्षीचं कार्ड काढलं: जानेवारी ते मे 120 दिवस, ऑगस्ट ते डिसेंबर 105. एकूण 225. बंदीतले रविवार सोडून साधारण 52 दिवस जुन्या नियमाने धरले की 277 होतात, म्हणजे ती पात्र. रजा मात्र 225 वरच, 20 ला एक या दराने 11. नव्या नियमाने 225, म्हणजे 240 ला 15 कमी आणि रजा शून्य. ऑफिसच्या लोकांना यातलं काही लागत नाही, ते बारा महिने येतात.

दुसरी: परिपत्रकं रद्द करणारी ओळ आहे. फाइल काढली. त्यात एक जुनं पत्र सापडलं: संध्याकाळच्या पाळीच्या बायकांना शेवटची एसटी मिळावी म्हणून पंधरा मिनिटं आधी सोडायचं, पगार न कापता. ते आता रद्द.

बंदररोड

मग मी म्हणालो तेच झालं की. 240 भरले नाहीत तर कायद्यानेही नाही.

लोटेकर_एचआर

तुमचा आकडा जुन्या कारखाने कायद्याचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यात 240 ऐवजी 180 दिवस आहेत. दर तोच, 20 ला एक. म्हणजे या बाईचे 225 दिवस पुरतात आणि तिची 11 दिवसांची रजा कायद्यानेच उभी राहते. नव्या धोरणातलं 240 जुन्या कागदावरून तसंच उतरलेलं दिसतंय. यादीत ते वेगळं लिहा: "बदललं" मध्ये नव्हे, "कायद्याशी जुळत नाही" अशा चौथ्या रकान्यात.

म्हणून वाक्य गाळलेलं चालेल असं नाही हां. एखादी बाई 150 दिवसच भरली तर तिला 180 गाठायला बंदीचे दिवस लागतील. करारान्वये घरी बसवलेले दिवस पात्रतेला धरायचे, हे जुन्या कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. पण बंदीतली सुट्टी "करारान्वये" आहे हे दाखवायला तुमच्याकडे कागद कोणता होता? तेच गाळलेलं वाक्य.

बंदररोड

180 चं माहीत नव्हतं. पण आमच्याकडे सोलणाऱ्या बायका ठेकेदाराच्या असतात. त्यांना हे धोरण लागू होतं का मुळात?

कोळंबी_टाइमऑफिस

आमच्याकडे निम्म्या कंपनीच्या कार्डावर, निम्म्या ठेकेदाराच्या. व्याख्येत जुन्यात "कारखान्यात काम करणारी व्यक्ती" होतं, नव्यात "कंपनीने नेमणूकपत्र दिलेली व्यक्ती". म्हणजे ठेकेदाराच्या बायका आता पूर्ण बाहेर. "कोणावर परिणाम" मध्ये त्यांची संख्या लिहिणार आहे, हजेरीपट मोजून. नावं नाही लिहिणार.

लोटेकर_एचआर

बरोबर. आणखी एक. रजा आणि पगारी सुट्ट्यांतला बदल कामगारांच्या विरोधात जात असेल तर लागू करण्याआधी 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती लागली का, एवढं साहेबांना तोंडी विचारा. लेखी विचारायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, नोकरी तुमची आहे.

मालवणी_माणूस

माझ्या गणपतीचा काय?

कोळंबी_टाइमऑफिस

दादा, तुमच्या हॉटेलात परिपत्रकांची फाइल कोणाकडे असते? जुनं पत्र सापडलं तर आधी त्याची झेरॉक्स काढून ठेवा. माझी यादी सोमवारी जाते. नोटीस बोर्डावर आत्ता बघून आले, गेल्या महिन्यातलं कँटीनचं दरपत्रक आहे, बाकी काही नाही.