मदत हवी आहे: कूलरचा सीझन पडला, सोमवारी टीमसमोर काय बोलू?

सेल्सवाली_संभाजीनगर

नमस्कार मंडळी. घरगुती उपकरणांच्या एका कंपनीत मी एरिया मॅनेजर आहे. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी हा माझा भाग, हाताखाली नऊ मुलं. एप्रिल ते जून ही आमची वर्षातली सगळ्यात मोठी तिमाही, कारण कूलर. यंदा, म्हणजे 2025 ला, मेच्या मध्यापासूनच पाऊस लागला, 26 मेला तर मान्सून मुंबईत पोचला, आणि कूलरचं गिऱ्हाईक एकदम बंद झालं.

टार्गेट 1 कोटी 80 लाखांचं होतं, झाले 1 कोटी 12 लाख. महिन्यागणिक सांगते: एप्रिलमध्ये 60 पैकी 58, मेमध्ये 75 पैकी 36, जूनमध्ये 45 पैकी 18. इन्सेन्टिव्ह कुणालाच नाही. दोघं दुसरीकडे नोकरी बघताहेत असं कानावर आलंय. पोरं मनाने खचली आहेत.

सोमवारी मीटिंग आहे. मी असं लिहिलंय: "झालं ते झालं. आता मागे बघायचं नाही. राहिलेले 68 लाख सप्टेंबरपर्यंत भरून काढायचे, जुलैपासूनच जोर लावायचा." वाचल्यावर मलाच ते पोकळ वाटतंय. आकडे सगळ्यांसमोर मांडावेत का? आणि आधी काय, नंतर काय, हे कसं सांगू?

टार्गेट_भाऊ

ताई, पावसाचं नाव अजिबात काढू नका. एकदा सबब दिली की वर्षभर सबबीच ऐकाव्या लागतात. 68 भागिले 3, म्हणजे महिन्याला साधारण 23 लाख जादा. प्रत्येकाला त्याचा आकडा कागदावर द्या आणि सही घ्या.

जुना_आरएसएम

भाऊंचं निम्मं बरोबर आहे. पावसाआड लपायचं नाही, हे खरं. पण पावसाचं नावच काढलं नाही, तर नऊ जणांपैकी एकही तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, कारण भिजत दुकानं फिरले ते हेच. ताई, तुमचा एप्रिल 60 ला 58 आहे. तो आकडा फळ्यावर वेगळा लिहा. टीमला विकता येतं, याचा पुरावा तोच.

आता मुख्य गोष्ट. 1 कोटी 12 लाख हे डीलरला केलेलं बिलिंग आहे. त्यातलं गिऱ्हाइकाच्या घरी किती गेलं? मेच्या पहिल्या पंधरवड्यात भरलेला माल गोडाऊनमध्ये पडून असेल, तर तुमचा खरा आकडा 1 कोटी 12 लाखांच्या खाली आहे. अशा डीलरकडे जुलैत पुन्हा जोर लावलात तर तो माल घेणार नाही, आणि घेतला तर पैसे देणार नाही. दोन्हीकडून तुमचाच पोरगा अडकतो.

म्हणून भाषण लिहायच्या आधी स्टॉक मोजून घ्या. डीलरला फोनवर विचारू नका, पोराला गोडाऊनमध्ये पाठवून खोकी मोजायला लावा आणि मॉडेलवार लिहून आणायला सांगा.

बीडचा_दुकानदार

मी तुमच्या पलीकडच्या बाजूचा माणूस, म्हणून लिहितो. माझ्याकडे आत्ता एका कंपनीचे बावीस कूलर पडून आहेत. वरच्या खोक्यांना ओल लागली, एकाचं वुडवूल उंदरांनी ओढून काढलं. कंपनीचा मुलगा आठवड्यात दोनदा आला, दोन्ही वेळा मिक्सरची ऑर्डर मागायला. एकदाही गोडाऊनमध्ये डोकावला नाही. त्याच्या जागी कुणी ताडपत्री आणि चार लाकडी पाट घेऊन आला असता, तर मिक्सरची ऑर्डर मी आपण होऊन दिली असती.

आणि आमच्याकडे पैसा सोयाबीन निघाल्यावर येतो, ऑक्टोबरात. जुलै-ऑगस्टमध्ये शेतकऱ्याचा पैसा खत-फवारणीत जातो. 68 लाख सप्टेंबरपर्यंत कुठून येणार?

एमआर_नाशिक

आमच्या फार्मा कंपनीत अशाच मीटिंगला साहेबांनी रँकिंग पडद्यावर लावलं, शेवटच्या तिघांना उभं केलं. त्यातला एक अख्खा आदिवासी पट्टा एकटा सांभाळत होता. महिन्याभरात तो गेला. त्याचे डॉक्टर कोण, केमिस्ट कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या दोन तिमाही त्या भागात आम्ही चाचपडत होतो. औषधांचं आणि कूलरचं सारखं नसेल, पण माणसागणिक आकडे एकेकट्याला द्या, एवढं सांगावंसं वाटलं.

सेल्सवाली_संभाजीनगर

सगळ्यांचे खूप आभार. मीटिंग गुरुवारवर ढकलली आणि मोठ्या सहा डीलरांकडे मोजणी करून घेतली. तिमाहीत 420 कूलर दिले होते, 190 अजून गोडाऊनमध्ये आहेत. त्यातले 130 मोठे डेझर्ट कूलर. आकडा बघून धक्का बसला, पण आता बोलायला काहीतरी खरं हातात आहे.

नवा मसुदा असा:

"एप्रिलमध्ये आपण 60 ला 58 केले. मे-जूनमध्ये पावसाने मारलं, ते मी वर लेखी कळवलंय. पण 190 कूलर डीलरकडे अडकलेत, आणि ते सोडवणं आपल्या हातात आहे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत दोनच कामं. एक, अडकलेला माल: खोकी नीट रचून घ्यायची, छोटे पर्सनल कूलर जिथे ऑक्टोबर हीटमध्ये खपतात त्या दुकानांकडे वळवायचे. दोन, वसुली: साठ दिवसांवरची उधारी आधी. या काळात कूलरचं नवं बिलिंग मी कुणाकडेही मागणार नाही. गिझर, मिक्सर, इस्त्रीच्या ऑर्डरी ज्याची उधारी साफ, त्याच्याकडूनच. दसरा 2 ऑक्टोबरला आहे, म्हणून दिवाळीचा माल सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानात पोचायला हवा. 68 लाख सप्टेंबरपर्यंत भरून निघणार नाहीत, आणि तसं मी तुम्हाला सांगणारही नाही."

जुना_आरएसएम

आता हे बोलण्यासारखं झालं. सहा-सात मिनिटांत संपवा आणि लगेच प्रत्येकाशी वेगळं बसून त्याच्या डीलरांची यादी हातात द्या.

पण एक अडचण राहते. त्यांचा इन्सेन्टिव्ह कशावर आहे? बिलिंगवर असेल तर तुम्ही तोंडाने वसुली म्हणाल आणि पगारपत्रक बिलिंग म्हणेल. पोरं पगारपत्रकाचंच ऐकतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. या तिमाहीपुरता निम्मा तरी वसुलीवर करून घ्या, आणि तो लेखी आल्यावरच मीटिंग घ्या. बदल झाला की नाही ते दुसऱ्या आठवड्यात कळतं: रोजच्या रिपोर्टमध्ये मोजलेली खोकी आणि आलेले चेक दिसायला लागले तर ठीक. नुसत्या 'व्हिजिट केली' अशाच ओळी असतील तर भाषण वाया गेलं.

टार्गेट_भाऊ

मोजणीचं पटलं, ते माझ्या डोक्यात नव्हतं. पण नवं बिलिंग मागणार नाही असं जाहीर बोलणं मला अजून धोक्याचं वाटतं. साहेबांनी 31 जुलैला फोन केला तर ताई काय सांगणार?

सेल्सवाली_संभाजीनगर

तोच प्रश्न माझ्यापुढे आहे. इन्सेन्टिव्हचं आज वर बोलले. वसुलीवर तीस टक्के द्यायला तयार आहेत, निम्म्याला नाही. आणि जुलैचं कूलर बिलिंग शून्य दाखवायला साहेब अजून राजी नाहीत. म्हणतात, दहा-पंधरा लाख तरी टाका, फेब्रुवारीत खपतील. डीलर तोवर पैसे अडकवून ठेवणार नाही, हे मोजणीचा कागद समोर ठेवून सांगितलं. उत्तर उद्या मिळेल.

बीडचा_दुकानदार

तो कागद नेताना डीलरची सही आणि गोडाऊनचा फोटो जोडा. साहेबांना जालना-बीडची गोडाऊनं दिसत नाहीत, फोटो दिसेल. फेब्रुवारीचंच म्हणत असतील तर पैसेही फेब्रुवारीत घेतो असं लेखी द्यायला सांगा. मग बघा किती लाख टाकायचे म्हणतात.