विषय: फराळाचे डबे विकायचे म्हणते, काय काय लागेल?

मंजिरी, रीडिंग
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत ओळखीतल्या ११ घरांना फराळ करून दिला. यंदा ४० डबे करायचा विचार आहे; थोडे मंडळाच्या स्टॉलवर, थोडे व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन. डब्यात पाव किलो चिवडा, पाव किलो चकली, चार बेसनलाडू, चार करंज्या. १५ पौंड ठीक आहेत का? गेल्या वर्षी हातात काहीच उरलं नाही, असं आमच्याकडे बोललं जातं.

शिरीषकाका
घरी करून ओळखीत विकायला काही लागत नाही. आपण मंडळात वीस वर्षं वडे विकतोय, कुणी हटकलं नाही. लेबलं वगैरे दुकानांसाठी.

वैशाली, मिल्टन कीन्स
काका, वर्षातून एकदा मंडळासाठी वडे तळणं निराळं. मंजिरी स्वतःसाठी विकणार, ऑर्डरी घेणार, म्हणजे तो धंदा झाला. सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी काउन्सिलकडे नोंदणी करायची. ती फुकट असते आणि नाकारत नाहीत. मग तपासणीला माणूस येतो. माझ्याकडे आलेल्या बाईंनी फ्रिजचं तापमान पाहिलं, हात कुठे धुता ते विचारलं आणि मांजर कुठे असतं तेही!

लेबलाचा नियम ऑक्टोबर २०२१ पासूनचा. आधी भरून ठेवलेला डबा स्वतःच्या स्टॉलवर विकला, तर त्यावर पदार्थाचं नाव आणि सगळे घटक हवेत, ॲलर्जीचे घटक ठळक. व्हॉट्सॲपच्या ऑर्डरीला नियम थोडा वेगळा आहे, पण ॲलर्जीची माहिती ऑर्डर घेण्याआधी आणि डबा हातात देताना, दोन्ही वेळा द्यावी लागतेच. मी सरसकट एकच लेबल लावते.

शेंगदाणे, काजू, तीळ, तूप हे सगळ्यांना सुचतं. फोडणीतली मोहरीही नियमातल्या ॲलर्जीच्या १४ घटकांत आहे, ती राहून जाते. माझी चूक हिंगात झाली. भाजणीत गहू घालत नाही म्हणून चकलीच्या लेबलावर गहू लिहिला नव्हता. एका गिऱ्हाइकाच्या मुलाला ग्लुटेन चालत नाही, तिने हिंगाची डबी मागितली. डबीवर गव्हाचं पीठ, स्पष्ट! तेव्हापासून प्रत्येक डबी वाचते, पिवळ्या बेदाण्यांचं पाकीटसुद्धा, कारण त्यात सल्फाइट असतं. आणि ‘ग्लुटेन नाही’ असं कशावरच लिहीत नाही. करंजीचा मैदा त्याच ओट्यावर उडतो.

सुनील, ॲबर्डीन
आमच्याकडे कोणी करत नाही हो. पोस्टाने पाठवाल का? मागे एकीकडून चकली मागवली, उघडली तर नुसता चुरा.

केतकी
माझी आई पुढच्या महिन्यात सांगलीहून येतेय. खव्याचे पेढे आणायला सांगू का? मंजिरीच्या डब्यात छान दिसतील.

वैशाली
केतकी, भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला इथे बंदी आहे, विकणं तर दूरच. आईला विमानतळावर त्रास नको. सुनीलदादा, पोस्टाने लाडू आणि शंकरपाळे पोचतात, चकलीचा नाद सोडा.

मंजिरी, आता हिशोब. सामान, डबा, लेबल, गॅस मिळून डब्याला ६ पौंड धर. आता वेळ. ४० डबे म्हणजे १० किलो चकली. घरच्या एका कढईत तासाला सव्वा किलोच्या आत निघते. एक पाडणार, एक तळणार, म्हणजे दोघींचे मिळून १८ तास. १६० करंज्यांना दोघींचे १४. लाडू ५, चिवडा ३, बाजार ३, भरणं ५. एकूण ४८ तास, डब्यामागे सव्वा तासाला जरासा कमी. १५ ला विकलास तर तासाला साडेसात पौंड सुटतात. इथल्या किमान मजुरीपेक्षा कितीतरी कमी!

करंजी काढ. ३४ तास उरतात, सामान साडेपाचच्या आत येतं, तासाला ११ च्या वर पडतं. करंजी डझनाने, आगाऊ पैसे घेऊन वेगळी दे. आणि चकली पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नकोस. कोमट भरली तर डब्याच्या झाकणाला आतून दव धरतं; ते दिसलं की ती चकली दोन दिवसांत मऊ.

शिरीषकाका
करंजीशिवाय दिवाळीचा डबा? मी नाही घेणार.

मंजिरी
काका, तुमची डझन लिहून ठेवली! वैशालीताई, नोंदणीचा फॉर्म आज भरते. घर भाड्याचं आहे, मालकाला विचारलंय, अजून उत्तर नाही. १८ पौंड लावले तर कोणी घेईल का, खरंखरं सांगा.