संगीताला पैसे नाहीत, म्हणून सगळेच ट्रॅक बंद?

रातकिडा: सात मिनिटांचा भयपट, एक स्वयंपाकघर, एकच पात्र. संगीतासाठी पैसे नाहीत. पावले आणि श्वास तेवढे ठेवणार, भीतीच्या क्षणाआधी सगळे ट्रॅक बंद करून संपूर्ण शांतता आणणार आणि मग धमाका. ‘द बर्ड्स’मध्ये तरी संगीत कुठे होते?

संकलक: हा दाखला नेहमी अर्धाच दिला जातो. ‘द बर्ड्स’मध्ये (1963) रूढ पार्श्वसंगीत नाही हे खरे, परंतु ओस्कार साला यांनी ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर घडवलेल्या पक्ष्यांच्या आवाजांनी ती जागा व्यापली आहे. तुमच्याकडे फ्रिज आहे, तो वापरा. चित्रीकरणात तो बंद ठेवा, नंतर त्याची घरघर जवळून वेगळी रेकॉर्ड करा आणि सर्वांना निश्चल उभे करून किमान एक मिनिट रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा स्वतःचा मंद आवाज, घ्या. सुरुवातीलाच फ्रिज दिसू द्या, घरघर श्वासाखाली ठेवा आणि चार मिनिटांत चार-पाच डेसिबलने इतकी सावकाश चढवा की कोणाच्या लक्षात येऊ नये. पात्र दाराकडे वळताच ती तोडा, मात्र रूम टोन चालूच ठेवा. इतका वेळ काहीतरी वाजत होते, हे प्रेक्षकाला तेव्हाच कळते. त्याआधीच कोणी फ्रिजबद्दल विचारले, तर पातळी जास्त झाली असे समजा.

पडद्यामागची: रूम टोनबद्दल सहमत. आमच्या लघुपटात आम्ही संपूर्ण शांतता ठेवली, तेव्हा प्रेक्षक घाबरण्याऐवजी मागे वळून प्रोजेक्टरकडे पाहू लागले.

खर्जप्रेमी: फ्रिजने कोणी घाबरत नाही. 19 हर्ट्झचा स्वर खाली सोडा. तो ऐकू येत नाही, पण शरीर अस्वस्थ होते म्हणतात.

संकलक: आणि तो वाजणार कशावर? फोनचा स्पीकर शंभर हर्ट्झसुद्धा धड देत नाही. शिवाय न ऐकू येणारा तो स्वर आवाजाची कमाल पातळी रोखणाऱ्या लिमिटरला मात्र जाणवतो आणि संवाद विनाकारण दबतात. 

खर्जप्रेमी: मी सभागृहासाठी बोलतो आहे. प्रत्येक गोष्ट फोनच्या मापाने मोजणाऱ्यांनीच ध्वनीची वाट लावली आहे!

संकलक: लघुपट कुठे पाहिले जातात, ते तुम्हीच सांगा. खर्ज हवाच असेल, तर 60 हर्ट्झचा स्वर घेऊन त्यावर सॅच्युरेशन, म्हणजे हलकी विकृती, लावा. त्यातून 120, 180, 240 हे वरचे स्वर निघतात आणि लहान स्पीकरवरही कान मूळ खर्ज स्वतःच भरून काढतो.

खर्जप्रेमी: म्हणजे खर्ज हवा, फक्त तो माझ्या तोंडून आलेला नको. आभारी आहे.

नवा_प्रेक्षक: एवढा खटाटोप कशाला? फुकट संगीत ढिगाने मिळते.

पडद्यामागची: परवाना वाचून घ्या. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ असे लिहिलेला तुकडा घेतलात, तर चित्रपट विकायच्या वेळी तोच आडवा येतो.

रातकिडा: फ्रिज घेतो. धमाका मात्र काढणार नाही, कोणाला कितीही स्वस्त वाटला तरी.

संकलक: ठेवा. फक्त घरघर तुटल्यानंतर लगेच नको. दोन-तीन सेकंद जाऊ द्या, नाहीतर ती तोडल्याचे कोणाला कळणारच नाही.