अनुभव धागा: जुन्या प्रश्नपत्रिका मोजून कोणत्या धड्याला किती तास दिलेत?

वारजेकर_ताई

धाकट्या भावाने मागच्या वर्षी एमएचटी-सीईटी दिली. बोर्डाचा अभ्यास, प्रॅक्टिकल आणि फिजिक्स-केमिस्ट्री वजा करता गणिताच्या सीईटीसाठी त्याच्याकडे मोजून 90 तास उरत होते. बारावीचे 15 धडे, शिवाय अकरावीचे. सगळ्यांना सारखे तास दिले तर कुठेच काही पक्कं होणार नव्हतं. म्हणून अप्पा बळवंत चौकातून जुन्या शिफ्टच्या पेपरांचे संच आणले आणि तीन वर्षांचे मिळून 10 पेपर निवडले. लांब वही आडवी धरून धड्यांची नावं डाव्या बाजूला लिहिली आणि दोन रविवार बसून रेघा मारल्या. चार उभ्या, पाचवी आडवी.

गणिताला 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. साधारण 80 टक्के पेपर बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतो, ते आमच्या रेघांतही तसंच निघालं. अनिश्चित इंटिग्रेशनचे पेपरमागे सरासरी 4 प्रश्न, व्हेक्टर्सचे 4, एलपीपीचे दीड.

पहिल्या फटक्यात आम्ही या रेघांच्या प्रमाणातच तास वाटले. व्हेक्टर्सला भरपूर तास, एलपीपीला जेमतेम. तीन आठवड्यांनी सराव पेपर सोडवला तर गुण जागचे हलले नव्हते. कारण व्हेक्टर्स त्याला आधीपासूनच येत होते. येतं तेच तो पुन्हा पुन्हा करत बसला होता.

मग वहीत आणखी दोन रकाने आखले. आज या धड्याचे शंभरातले किती बरोबर येतात, आणि ते कुठवर नेता येतील, किती तासांत.

इंटिग्रेशन: पेपरात 8 गुण, 40 टक्के बरोबर. 80 पर्यंत न्यायला 12 तास. म्हणजे 3.2 गुण वाढणार, तासाला पाव गुणाच्या जरा वर.

व्हेक्टर्स: तेही 8 गुण, पण 85 टक्के बरोबर. 95 पर्यंत न्यायला 8 तास. वाढ 0.8, तासाला 0.1.

एलपीपी: गुण फक्त 3, पण 30 टक्केच बरोबर. 90 पर्यंत यायला 3 तास पुरेसे. वाढ 1.8, तासाला 0.6.

रेघा सर्वांत कमी असलेला धडा यादीत वर गेला! 'किती तासांत' हा आकडा अंदाजाचाच असतो, हे कबूल. आधी दोन तास देऊन बघायचं, 20 प्रश्न सोडवायचे आणि आकडा सुधारायचा.

तुम्ही कसं केलंत? सीईटी असो की दुसरी परीक्षा, आकड्यांसकट लिहा.

नळस्टॉप

ताई, एवढी मेहनत कशाला? बोर्डच धड्यानुसार गुण देतं, पर्यायासह आणि पर्यायाविना. माझ्या मुलीला तोच तक्ता छापून भिंतीवर लावून दिला होता. तासही त्यावरूनच ठरवले.

वारजेकर_ताई

काका, तो तक्ता बारावीच्या लेखी परीक्षेचा. सीईटीचा पेपर वेगळा निघतो. सीईटीत अकरावी-बारावीचं प्रमाण ठरलेलं असतं, पण धड्यामागे किती प्रश्न हे पेपर मोजल्याशिवाय कळत नाही.

नळस्टॉप

असेल. बोर्डाला मात्र त्या तक्त्याने तिचं काम नक्की झालं.

सम_विषम

माझा नियम सोपा आहे. मागच्या दोन वर्षांत जे फार आलं ते यंदा कमी येणार आणि जे आलं नाही त्याची यंदा पाळी. 2 पेक्षा कमी प्रश्नांचे धडे मी सरळ सोडले होते. वेळ खूप वाचतो.

फळा_आणि_डस्टर

मी पुण्यात सीईटीचं गणित शिकवतो, 15 वर्षं होत आली. वर दोन-तीन गोष्टी आल्यात, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

'यंदा पाळी' हे मी तरी कधी खरं होताना पाहिलेलं नाही. प्रत्येक शिफ्टला वेगळा पेपर असतो. काल सकाळी डिफरन्शियल इक्वेशनचे 5 प्रश्न आले म्हणून आज दुपारी कमी येतील असं काही नसतं. धडे सोडण्याबद्दल: सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे न वाचलेल्या धड्यातही चारातला एक ठोकून बरोबर येऊ शकतो. ताईंच्या भावाचे एलपीपीचे 30 टक्के म्हणजे जवळपास ठोकूनच आलेले म्हणायचे. सुधारणा शून्यापासून मोजू नका, 25 टक्क्यांपासून मोजा.

आता रेघांवर किती विसंबायचं ते. 10 पेपरांत एका धड्याच्या 15 रेघा आणि दुसऱ्याच्या 19 असतील तर तो फरक धरू नका. एवढ्या लहान मोजणीत तीन-चार रेघा इकडच्या तिकडे सहज होतात. 15 आणि 40 हा मात्र खरा फरक. मी मुलांना धड्यांचे तीनच गट करायला सांगतो: पेपरात साधारण एक, दोन ते तीन, चार किंवा जास्त. दीड की पावणेदोन यावर डोकं शिणवू नये.

आणखी एक फसगत आहे आणि ती सहज लक्षात येत नाही. एकाच वर्षाच्या 10 शिफ्ट घेतल्या की आकडे इतके जुळतात की आपल्याला खात्रीच वाटते. पण ते सगळे पेपर त्या वर्षीच्या एकाच आराखड्यावर बेतलेले असतात. पुढच्या वर्षी आराखडा हलला तर तुमचे दहाच्या दहा पेपर एकाच दिशेने चुकणार. ताईंनी तीन वर्षांतून निवडले ते योग्य केलं.

फार मागेही जाऊ नका. बारावीची पुस्तकं 2020-21 ला बदलली. आधी वर्तुळ आणि कॉनिक्स बारावीत होते, ते अकरावीच्या पुस्तकात गेले. त्याआधीचे पेपर मिसळलेत तर वर्तुळाला फुकटचं वजन मिळतं, कारण तेव्हा तो धडा 80 टक्क्यांच्या भागात होता आणि आता 20 च्या. 2019 पासून परीक्षा संगणकावर, शिफ्टमध्ये होते. त्याआधीचे पेपर अंदाजासाठी नव्हे, सरावासाठी वापरा.

सम_विषम

सर, पाळीचं पटलं. पण माझ्याकडे शेवटचे 20 दिवसच होते. तेव्हा चार-पाच धडे सोडणं चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही.

फळा_आणि_डस्टर

20 दिवसांत सोडावे लागतातच, मान्य आहे. फक्त रेघा कमी म्हणून सोडू नका, तास जास्त खातो म्हणून सोडा. एलपीपी सोडणारा आणि इंटिग्रेशनचे अवघड प्रकार सोडणारा, यांत दुसऱ्याचं नुकसान कमी.

कर्वेनगर_दुसरा_मजला

मला बसलेला फटका लिहितो, कुणाचा तरी वाचेल.

क्लासकडून मिळालेल्या पुस्तिकेवरून मी मोजलं होतं. अकरावीच्या त्रिकोणमितीचा पेपरात जेमतेम एक प्रश्न दिसला, म्हणून दोन तास देऊन तो धडा मिटवला आणि इंटिग्रेशनला 20 तास दिले. तरी इंटिग्रेशन निम्म्याच्या वर जाईना. शेवटी चुकांची वही उघडली. इंटिग्रेशनच्या 11 चुकांपैकी 7 ठिकाणी इंटिग्रेशन बरोबर होतं. अडलं होतं ते $\cos 2x$ चं रूप बदलताना किंवा गुणाकाराची बेरीज करताना. म्हणजे तास हवे होते त्रिकोणमितीला, आणि ते रेघांत दिसतच नव्हतं, कारण प्रश्न इंटिग्रेशनच्या नावावर मोजला गेला होता.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाला मी दोन खुणा केल्या. प्रश्न कोणत्या धड्याचा, आणि मी अडकलो कोणत्या धड्यात. तास दुसऱ्या खुणेवरून ठरवले. त्रिकोणमितीला आणखी 6 तास दिले तेव्हा कुठे इंटिग्रेशन हललं.

त्या पुस्तिकेतले काही पेपर मुलांच्या आठवणीवरून लिहिलेले होते आणि दोन शिफ्टमध्ये तेच 9 प्रश्न शब्दशः होते. दोन्ही मोजले की त्या धड्यांच्या रेघा दुप्पट. मोजण्याआधी पेपर शेजारी शेजारी ठेवून बघा.

वारजेकर_ताई

ही दोन खुणांची युक्ती आम्हाला तेव्हा सुचायला हवी होती. भावाच्या डेफिनिट इंटिग्रेशनचं अगदी हेच झालं होतं.

पेठेतली_अभ्यासिका

मी सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करते. विषय सीईटीचा चाललाय, तरी माझी गोष्ट सांगते.

राज्यसेवा पूर्वसाठी मीही जुने पेपर मोजले होते. सामान्य अध्ययन 200 गुण, सीसॅट 200 गुण. जुन्या यशस्वी मुलांचं वेळापत्रक बघून सीसॅटला जवळपास निम्मे तास दिले, कारण पूर्वी दोन्ही पेपरांचे गुण एकत्र धरायचे. आता सीसॅट फक्त पात्रतेपुरता आहे, 33 टक्के मिळाले की झालं. पेपर तोच, प्रश्न तेच, पण गुणांची किंमत बदललेली. मला 33 च्या बऱ्याच वर मिळत होते, त्यामुळे तिथला पुढचा प्रत्येक तास वाया गेला. रेघा मोजण्याआधी आयोगाची चालू जाहिरात वाचायला हवी होती.

आणि चालू घडामोडींचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. रेघा भरपूर, पण धड्याला शेवटच नाही. 'किती तासांत कुठवर' हा रकाना तिथे भरायचा कसा? मी रोज 40 मिनिटं असं बांधून घेतलंय, पण ते बरोबर आहे का माहीत नाही.

आई_कोथरूड

माझा मुलगा दहावीत आहे. रोज किती तास बसवावं? सध्या चार तास बसतो, पण मोबाइल जवळच असतो.

वारजेकर_ताई

ताई, इथे दिवसाच्या तासांचं नाही, कोणत्या धड्याला किती वेळ द्यायचा त्याचं चाललंय. पण एक करून बघा. या रविवारी त्याला गणिताचा मागच्या वर्षीचा पेपर सोडवायला द्या आणि कोणत्या धड्यात गुण गेले ते त्यालाच लिहू द्या. चार तासांपैकी दोन कुठे घालायचे ते त्यातून दिसेल.

फळा_आणि_डस्टर

वेळेचं राहिलं. सीईटीच्या गणितात 90 मिनिटांत 50 प्रश्न, म्हणजे प्रश्नाला 108 सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीत तेवढ्याच वेळात 100, प्रश्नाला 54 सेकंद. मोजणीच्या वहीत मी 'सेकंद' असा रकाना ठेवायला लावतो. माझ्या एका विद्यार्थिनीचे रेषा आणि प्रतल या धड्यातले जवळपास सगळे प्रश्न बरोबर यायचे, पण प्रत्येकाला तीन-साडेतीन मिनिटं. टक्केवारी बघून आम्ही त्या धड्याला शून्य तास दिले होते. पेपरात शेवटचे सहा प्रश्न तिला वाचताही आले नाहीत. पुढच्या सराव पेपरांपूर्वी त्याच धड्याला पाच तास दिले, नवीन काही शिकायला नाही, फक्त घड्याळ लावून सोडवायला. ती दोन मिनिटांच्या आत आली.

सम_विषम

सर, हे सेकंद कसे मोजायचे? प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघितलं तर त्यातच वेळ जातो.

फळा_आणि_डस्टर

प्रत्येक प्रश्नाला नको. एका धड्याचे 10 प्रश्न सलग सोडवा, एकूण वेळ लिहा आणि दहाने भागा.

बायोवाली

माझा गट पीसीबी आहे. बायोलॉजीत 100 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण. मी पाच पेपर मोजलेत, पण कितीतरी प्रश्नांत दोन धडे एकत्र येतात, जनुकशास्त्राचा अर्धा आणि जैवतंत्रज्ञानाचा अर्धा. अर्धी अर्धी रेघ मारायची की दोन्हीकडे पूर्ण? कर्वेनगरवाल्यांच्या दुसऱ्या खुणेने माझं भागत नाही, कारण अडकते मी दोन्हीकडे.