वर्गातील प्रात्यक्षिकांच्या आधारावर संशोधन-इंटर्नशिपचे स्टेटमेंट लिहावे का?

निळीशाई: मी रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका राष्ट्रीय संस्थेच्या उन्हाळी संशोधन-इंटर्नशिपसाठी स्टेटमेंट द्यायचे आहे आणि वर्गातील प्रात्यक्षिकांपलीकडे मला कसलाही अनुभव नाही. त्या प्रात्यक्षिकांविषयी लिहावे, की ती टाळून आवड आणि वाचन यांवरच भर द्यावा?

पाऊलवाट: टाळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते आणि जो प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये सापडतो, त्याने निवड करणाऱ्याला आपल्याविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी ज्यांच्याकडे काम करायचे आहे त्यांचे दोन अलीकडचे शोधनिबंध वाचून त्यांतला कोणता प्रश्न आपल्याला खुणावतो, ते लिहावे.

परीक्षानळी: आमच्या गटाकडे येणारे असे अर्ज मी काही वर्षे वाचत आहे. निबंध वाचावेत, हे खरेच. परंतु बहुतेक अर्जदार सारांशातली वाक्ये उचलतात, आणि स्वतःची वाक्ये ओळखायला कोणालाही वेळ लागत नाही. प्रात्यक्षिकांचे म्हणाल, तर ‘अनुमापन, कलरीमापन व क्रोमॅटोग्राफी हाताळली’ अशी यादी केवळ अभ्यासक्रमाची ओळख करून देते, म्हणून ती निरुपयोगी ठरते. ज्या प्रयोगाने अपेक्षित उत्तर दिले नाही आणि ज्याच्या मागे आपण थोडे तरी गेलो, असा एकच प्रयोग मात्र बरेच सांगतो. तसा काही आठवतो का?

सहज_एक: माझी निवड झाली तेव्हा स्टेटमेंट मी एका रात्रीत लिहिले होते. शिफारसपत्र कोणाचे आहे यावरच सारे ठरते, तेव्हा सरांना निदान दोन आठवडे आधी विचारून ठेवावे.

निळीशाई: पत्राची सोय झाली आहे. प्रयोग आठवतो तो क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या अभिक्रियेचा. दर 30 सेकंदांनी कलरीमीटरवर शोषणांक घेऊन त्याच्या लॉगॅरिदमचा काळाशी आलेख काढला, तर सरळ रेषा यायला हवी होती. पण पहिली चार-पाच वाचने रेषेच्या खाली पडली. आम्ही ती वगळून रेषा काढली आणि पूर्ण गुण मिळाले. नंतर वेळ उरला म्हणून मी रंगद्रव्याची संहती निम्मी करून पाहिले, तेव्हा तो बाक जवळजवळ गेला. हे जर्नलमध्ये कोठेही लिहिलेले नाही.

परीक्षानळी: स्टेटमेंटचा गाभा हाच आहे. सुरुवातीचा शोषणांक किती होता आणि अल्कलीची संहती किती होती?

निळीशाई: शोषणांक सुमारे 1.7. अल्कली 0.02 M आणि रंगद्रव्य साधारण 0.00002 M होते.

परीक्षानळी: म्हणजे अल्कली हजारपट होती, ती संपत आल्यामुळे रेषा वाकली, ही शंका येथेच मिटते. शोषणांक 1.7 असताना द्रावणातून जेमतेम 2 टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो, आणि त्यात इकडून तिकडून शिरलेला किंवा रुंद फिल्टरमधून आलेला, रंगद्रव्याने न शोषलेला थोडासा प्रकाश मिसळला, तरी यंत्र शोषणांक प्रत्यक्षाहून कमी दाखवते. म्हणूनच बिंदू रेषेच्या खाली आले. आपण एकच गोष्ट बदलली आणि तिने कारणाकडे बोट दाखवले. स्टेटमेंटमध्ये याच क्रमाने लिहावे: काय अपेक्षित होते, काय दिसले, कोणते कारण का नाकारले आणि काय बदलले. ‘शोध लावला’ असे म्हणू नये. ती फेरी एकदाच झाली, हेही सांगावे. मुलाखतीत ‘निम्मीच का, पाव का नाही?’ असे विचारतील. पाव केली असती, तर शेवटची वाचने इतकी लहान झाली असती की यंत्राच्या 0.01 च्या पायरीनेच लॉगॅरिदम हलला असता. हे पाठ करून चालणार नाही, एकदा कागदावर आकडे मांडून पाहावेत.

पाऊलवाट: माझे मत थोडे बदलले, हे मान्य करतो. तरीही वाचने वगळून गुण मिळवले, हे स्वतःच्या हाताने लिहून देणे मला धोक्याचे वाटते. अपरिचित वाचक त्याला आकड्यांशी केलेली छेडछाड म्हणेल.

परीक्षानळी: वगळलेले लपवून नंतरचा प्रयोग सांगितला, तर तो का केला हेच कळत नाही. ‘कारण न शोधता आम्ही ती वाचने वगळली, आणि ते मला खटकत राहिले’ एवढे एक वाक्य पुरे.

पाऊलवाट: ते वाक्य वाचणारा तुमच्यासारखाच असेल, असे आपण गृहीत धरत आहात.

निळीशाई: आणखी एक अडचण आहे. पहिली फेरी जोडीदारासोबत होती, दुसरी मी एकटीने केली. वाक्यागणिक ‘आम्ही’ आणि ‘मी’ बदलत राहिले तर विचित्र वाटेल का?

परीक्षानळी: वाटू द्यावे. कोणी काय केले, हे त्यातूनच कळते. आणि शक्य असेल तर अर्जाआधी निम्म्या संहतीची फेरी आणखी दोनदा करावी. बाक परत आला, तर परिच्छेद बदलावा लागेल.

निळीशाई: प्रयोगशाळा सोमवारी उघडते. वगळलेल्या वाचनांचे वाक्य तोवर कच्च्या मसुद्यात ठेवते. अंतिम अर्जात राहील की नाही, हे अजून ठरलेले नाही.