मदत हवी आहे : भाववाढ दाव्यात जुन्या-नव्या निर्देशांकाची सांगड

नमस्कार मंडळी, कोल्हापूरच्या एका ठेकेदाराकडे मी बिलं बघतो. गडहिंग्लज भागातल्या पाइपलाइनच्या कामाची भाववाढ टिपणी अडकली आहे.

करारात मजुरीचं सूत्र असं आहे:

```
V = 0.85 × P × K/100 × (L − L0)/L0
```

L0 म्हणजे निविदा भरण्याच्या महिन्याआधीच्या तिमाहीची औद्योगिक कामगार ग्राहक किंमत निर्देशांकाची देशपातळीची सरासरी. निविदा एप्रिल 2020 ची, म्हणून जानेवारी ते मार्चचे 330, 328, 326 घेतले, सरासरी 328. पण सप्टेंबर 2020 पासून मालिका बदलली, पायाभूत वर्ष 2001 ऐवजी 2016 झालं. जानेवारी-मार्च 2022 ची सरासरी 125.37. हे आकडे थेट सूत्रात टाकले तर वसुलीच निघते! लेबर ब्युरोचा जोडगुणांक 2.88 लावला की 361.06 येतात, म्हणजे वाढ सुमारे 10.08 टक्के. त्या तिमाहीचं काम 40 लाखांचं, मजुरीचा वाटा 25 टक्के. दावा अंदाजे 85,700 रुपये.

हिशेबनीस साहेब म्हणतात, करारात जोडगुणांकाचा उल्लेख नाही. शिवाय पायाभूत तिमाही कार्यादेशाच्या तारखेवरून धरा. कार्यादेश सहा महिन्यांनी आला, तेव्हा निर्देशांक चढलेला होता. साहजिकच दावा घटतो. कलमात मात्र निविदेचाच महिना स्पष्ट आहे, तिथे मी हटणार नाही.

करारात उल्लेख नसताना जोडगुणांक कुणाचा मंजूर झालाय का? ब्युरोच्या परिपत्रकाची प्रत जोडून भागलं, की कार्यकारी अभियंत्यांची वेगळी मान्यता लागली?