प्रतिसाद: शब्द भारी, व्याकरण नीट, तरी रायटिंगला ६च?

"शब्दसंग्रह आणि व्याकरण दोन्ही ७ चे आहेत असं सर म्हणतात, मग आयईएल्टीएसमध्ये रायटिंगचा बँड ६ कसा?"

कारण निकष चार आहेत आणि चारही सारख्याच वजनाचे. शब्द आणि व्याकरण हे त्यातले अर्धेच. उरलेले दोन म्हणजे सुसंगत मांडणी आणि प्रश्नाला दिलेलं उत्तर. शिवाय टास्क २ चं वजन टास्क १ च्या दुप्पट.

जळगावात माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका मुलीचाच पेपर सांगतो. टास्क २ ला 'दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या' असं होतं. शाळेत शेती शिकवावी का, यावर तिने दोन्ही बाजू सुरेख लिहिल्या, केळीच्या बागेचं उदाहरणही दिलं, पण स्वतःचं मत कुठेच नाही. मी उत्तराला ५, मांडणीला ६, शब्दांना ७, व्याकरणाला ७ दिले. सरासरी ६.२५. टास्क १ मध्ये ५, ६, ६, ६, म्हणजे ५.७५. आता ६.२५ ची दुप्पट अधिक ५.७५, भागिले ३, आले ६.०८. बँड ६. तिने प्रस्तावनेत मत घेऊन ते शेवटपर्यंत धरलं असतं, तर उत्तराचे ५ चे ७ होऊन टास्क २ ची सरासरी ६.७५ झाली असती, एकूण ६.४२, म्हणजे ६.५.

निकालपत्रावर हे चार आकडे छापून येत नाहीत, म्हणून कुठे गळती झाली ते पोरांना कळतच नाही. सरांना चारही आकडे वेगवेगळे लिहून द्यायला सांगा.